हिंदी प्रूफ वाचताना: अनुस्वार, चंद्रबिंदू आणि नुक्ता यांचा निवाडा

हिंदी मजकूर तपासणाऱ्या मराठी माणसाला लिपी इतकी ओळखीची वाटते, की डोळा न अडखळता पुढे सरकतो. 'संमेलन' दिसले तर खटकत नाही, कारण मराठीत ते तसेच लिहितात. 'सडक' खटकत नाही, कारण मराठी ड खाली बिंदू मागत नाही. 'गांव' पाहून तर जुने मराठी पुस्तक वाचल्यासारखे वाटते. हिंदीत मात्र हे तिन्ही शब्द चुकीचे आहेत, आणि प्रत्येकाची चूक वेगळ्या नियमात बसते.

नियम फार नाहीत. ते वापरण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे लागते: हा शब्द हिंदीत कुठून आला? संस्कृतातून जसाच्या तसा आला, प्राकृतातून झिजत आला, अरबी-फारसीतून आला, की इंग्रजीतून? अनुस्वार, चंद्रबिंदू आणि नुक्ता या तिन्ही चिन्हांचे बहुतेक निर्णय या उत्तरावर होतात. पुढची कामाची पद्धत त्याच अंगाने मांडली आहे.

आधी दोन गोष्टी ठरवून घ्या

पहिली गोष्ट म्हणजे प्रकाशकाची शैली. केंद्रीय हिंदी निदेशालयाने १९६७ साली हिंदी वर्तनीच्या मानकीकरणाची पुस्तिका काढली आणि पुढे तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या. सरकारी प्रकाशने, पाठ्यपुस्तके आणि बरेच पुस्तक-प्रकाशक तिचाच आधार घेतात. अनेक हिंदी दैनिकांनी मात्र चंद्रबिंदू सोडून सगळीकडे अनुस्वार ठेवला आहे आणि अरबी-फारसी शब्दांचा नुक्ताही सोडला आहे. तिथे 'पांच' आणि 'जिंदगी' हीच घरची रीत आहे आणि ती बदलण्याचा अधिकार मुद्रितशोधकाला नाही. म्हणून काम हातात घेताना लेखी विचारून ठेवावे: चंद्रबिंदू हवा का? नुक्ता पूर्ण हवा, फक्त ज़ आणि फ़ यांना हवा, की नकोच? या लेखात मी चंद्रबिंदू आणि पूर्ण नुक्ता ही शैली धरून चाललो आहे. ज्याला पूर्ण येते त्याला कमी करणे सोपे जाते.

दुसरी गोष्ट फाइलची. ड़ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येते: एकसंध अक्षर U+095C, किंवा ड U+0921 आणि त्यापुढे नुक्ता U+093C. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक प्रकार टाकला की दुसरा सापडत नाही. एकाच पुस्तकातली निम्मी प्रकरणे एका टंकलेखकाची आणि निम्मी दुसऱ्याची असली, तर 'शोधा आणि बदला' अर्धेच काम करून गप्प बसते. क़ ख़ ग़ ज़ फ़ ढ़ यांचेही तसेच आहे. युनिकोडच्या NFC या सामान्यीकरणात ही सगळी अक्षरे फोडून 'मूळ अक्षर + नुक्ता' अशी होतात. ते सुरुवातीलाच करून घ्यावे.

त्याच वेळी 'ॉ' हे चिन्हही सरळ करावे. 'हॉल'मधला ॉ हे एकच चिन्ह आहे, U+0949. पुष्कळ जण ते काना आणि वर चंद्र असे दोन तुकड्यांत टाइप करतात. NFC ते आपोआप जोडत नाही.

```python
import re, unicodedata
t = open("lekh.txt", encoding="utf-8").read()
t = unicodedata.normalize("NFC", t)
t = t.replace("\u093E\u0945", "\u0949")
t = t.replace("\u0906\u0945", "\u0911")
open("lekh_nfc.txt", "w", encoding="utf-8").write(t)
```

अनुस्वार: पंचमाक्षराची जागा

हिंदीच्या मानक वर्तनीत अनुस्वार हे नासिक्य व्यंजनाचे चिन्ह आहे. ङ्, ञ्, ण्, न्, म् यांपैकी एखादे व्यंजन जेव्हा आपल्याच वर्गातल्या पहिल्या चारपैकी एखाद्या अक्षरापूर्वी येते, तेव्हा त्याच्या जागी अनुस्वार द्यायचा. गंगा, चंचल, ठंडा, संध्या, संपादक. 'सम्पादक' आणि 'सन्ध्या' जुन्या पुस्तकांत भेटतात आणि ती रूपे अशुद्ध नाहीत. पण आजच्या मानक मजकुरात ती एकसारखी बदलावीत. एका पानावर 'हिन्दी' आणि दुसऱ्यावर 'हिंदी' असे राहू देऊ नये.

इथपर्यंत मराठी माणसाला अडचण येत नाही. अडचण येते ती पंचमाक्षरामागे पंचमाक्षरच आले तर. हिंदीचा नियम असा की पंचमाक्षराचे द्वित्व असेल किंवा पुढचे अक्षर दुसऱ्या वर्गाचे असेल, तर अनुस्वार द्यायचा नाही, अर्धे अक्षरच लिहायचे. अन्न, सम्मेलन, सम्मति, सम्मान. तसेच वाङ्मय, चिन्मय, उन्मुख, जन्म, अन्य, पुण्य. मराठी लेखणीतून 'संमेलन', 'संमति' सहज उतरते आणि 'सन्मान' तर हमखास. पहिले दोन शोधून सापडतात, कारण अनुस्वारापुढे म आलेला असतो. 'सन्मान' मात्र यंत्राला निर्दोष दिसतो. तो शब्द वेगळा शोधून 'सम्मान' करावा.

य, र, ल, व, श, ष, स, ह यांच्या आधी 'सम्' उपसर्ग आला की अनुस्वारच: संयम, संरक्षण, संवाद, संसार, संहार. यात मराठी आणि हिंदी एकाच वाटेने जातात.

अरबी-फारसी आणि इंग्रजीतून आलेल्या शब्दांबद्दल निदेशालयाची एक उपयोगी सूचना आहे. अर्धे अक्षर की अनुस्वार असा घोळ होण्याचा संभव असेल तिथे नासिक्य व्यंजन पूर्ण लिहावे: तनखाह, तमगा, कमसिन. 'तंखाह' असे दिसले तर लगेच दुरुस्त करावे.

चंद्रबिंदू: स्वर नाकातून, व्यंजन कुठेच नाही

अनुस्वार हे व्यंजन आहे आणि चंद्रबिंदू हा स्वराचा गुण. 'हंस' म्हणजे पक्षी. त्यात ह आणि स यांच्यामध्ये न सारखे व्यंजन स्पष्ट ऐकू येते. 'हँस' म्हणजे 'हसणे' या अर्थाचा धातू. त्यात 'अ' नाकातून जातो आणि मध्ये व्यंजन नसते. कवितेत मात्रा मोजताना हा फरक लगेच उघड होतो. 'हंस'मधला पहिला वर्ण गुरू होतो, 'हँस'मधला लघूच राहतो. म्हणून दैनिकाने चंद्रबिंदू सोडला तरी कवितेच्या पुस्तकात तो कधीही सोडू नये.

ऐकून निर्णय करावा, असा सल्ला नेहमी दिला जातो. ऱ्हस्व स्वराच्या बाबतीत तो चांगला चालतो. 'बंधन'मध्ये न ऐकू येतो, 'बँधना'मध्ये येत नाही. 'रंग'मध्ये ङ ऐकू येतो, 'रँगना'मध्ये नाही. दीर्घ स्वरापुढे घोष व्यंजन आले की मात्र कान फसवतो. 'चाँद' आणि 'बाँध' म्हणताना हिंदीभाषकाच्या तोंडूनही न चा स्पर्श होतो, तरी लिहायचा चंद्रबिंदूच. इथे शब्दाचे कूळ पाहावे लागते.

ते पाहायची रीत अशी. संस्कृत शब्दात ऱ्हस्व स्वर आणि त्यापुढे नासिक्य जोडाक्षर असेल, तर प्राकृतातून येताना नासिक्य व्यंजन विरघळते, स्वर दीर्घ होतो आणि नाकातून उच्चारला जाऊ लागतो. दंत चे दाँत, पंच चे पाँच, कंटक चे काँटा, चंद्र चे चाँद, ग्रंथि चे गाँठ. कधी मुळात नासिक्य नसतानाही स्वर अनुनासिक होतो: सर्प चे साँप, अक्षि चे आँख, उष्ट्र चे ऊँट, श्वास चे साँस. म्हणून तद्भव शब्दात दीर्घ आ किंवा ऊ नाकातून येत असेल तर चंद्रबिंदू, हे जवळजवळ निरपवाद धरावे.

मराठी वाचकाला इथे एक आयता फायदा आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी मराठीतले अनुच्चारित अनुस्वार काढले. त्यापूर्वी पांच, दांत, सांप, गांव, कांटा असे लिहीत. हे बहुतेक तेच तद्भव शब्द आहेत, ज्यांच्या हिंदी भावंडांवर चंद्रबिंदू आहे: पाँच, दाँत, साँप, गाँव, काँटा. जुन्या छापील मराठीत एखाद्या शब्दावर न उच्चारला जाणारा टिंब होता असे आठवले, तर त्याच्या हिंदी रूपावर चंद्रबिंदू असण्याची शक्यता दाट. ही खूण शब्दाच्या मुळापुरती वापरावी. 'घरें', 'तेथें' यांसारख्या प्रत्ययांवरच्या टिंबांचा हिंदीशी असा मेळ बसत नाही.

उलट बाजूला तत्सम शब्द उभे असतात, आणि 'आ पुढे चंद्रबिंदू' एवढेच पाठ केलेला माणूस तिथे घात करतो. शांति, कांति, प्रांत, पांडव, आंदोलन, आंतरिक, सांस्कृतिक, सांसद, मांस. इथे आ दीर्घ आहे, पण शब्द संस्कृतचे आहेत आणि नासिक्य व्यंजन जिवंत आहे. 'संसद'पासून 'सांसद' झाला, 'अंतर'पासून 'आंतरिक'. म्हणून साँस आणि मांस शेजारी लिहिले, तर पहिल्यावर चंद्रबिंदू आणि दुसऱ्यावर अनुस्वार. 'माँस' ही हिंदी प्रुफांमध्ये वारंवार भेटणारी चूक आहे. सगळे 'ां' एका झटक्यात 'ाँ' करणारा बदल कधीही चालवू नये. त्याने 'शाँति' आणि 'आँदोलन' तयार होतात आणि मग ते एकेक करून वेचत बसावे लागतात.

ऱ्हस्व स्वरावर चंद्रबिंदू असणारे शब्द मोजके आहेत, ते डोळ्यांत बसवावेत: हँसना, फँसना, धँसना, मुँह, महँगा, पहुँचना, सँभालना, सँवारना, अँधेरा, अँगूठी, उँगली, लँगड़ा, बँटना, बँधना, रँगना. याउलट रंग, पंख, लंबा, ठंडा, अंडा, झंडा, गंदा, अंधा, कंधा यांवर अनुस्वार. 'अंधा' आणि 'अँधेरा' एकाच घरचे असूनही चिन्हे वेगळी, हे ध्यानात ठेवावे.

इंग्रजी शब्दांत नासिक्य व्यंजन खरोखर उच्चारले जाते, म्हणून तिथे अनुस्वार: डांस, ब्रांड, लंदन, कंप्यूटर. मराठी सवयीचा एक धोका इथेही आहे. मराठीत आपण 'बँक' आणि 'काँग्रेस' लिहितो, आणि वरचे चिन्ह चंद्र व अनुस्वार मिळून झालेले असते. टाइप करताना मात्र बहुतेक जण सरळ चंद्रबिंदू U+0901 देतात. तेच शब्द हिंदी मजकुरात उतरले की हिंदी वाचक 'बँक'मधला चंद्र 'ॲ' म्हणून वाचत नाही. तो नुसता अनुनासिक अ वाचतो. हिंदीत बैंक आणि कांग्रेस लिहावे.

शिरोरेषेवर जागा नसेल तेव्हा

चंद्रबिंदूचा जो नियम सर्वांत जास्त चुकीचा वापरला जातो, तो जागेचा. वेलांटी, मात्रा, दोन मात्रा, काना-मात्रा यांपैकी काही शिरोरेषेच्या वर असेल, तर छपाईच्या सोयीसाठी चंद्रबिंदूऐवजी बिंदू द्यायची मुभा आहे. नहीं, में, मैं, हैं, सिंचाई, ईंट, गोंद, चौंकना. उच्चाराने यातले स्वर अनुनासिकच आहेत, फक्त लिहिताना बिंदू येतो. काना, उकार आणि सुटे अ, आ, उ, ऊ यांच्यावर जागा मोकळी असते, तिथे चंद्रबिंदूच: हाँ, हूँ, कुआँ, ऊँचा.

खरी गोम सुट्या 'ए'मध्ये आहे. 'में' मध्ये मात्रा शिरोरेषेवर आहे म्हणून बिंदू. पण 'महिलाएँ', 'जाएँगे', 'भाषाएँ' यांत ए सुटा आहे आणि त्याच्या डोक्यावर काहीच नाही, म्हणून तिथे चंद्रबिंदू. सुट्या 'ई' च्या डोक्यावर रफारासारखा फाटा असतो, म्हणून 'गईं', 'आईं' यांवर बिंदू. सुट्या 'ओ'वर मात्रा असते, म्हणून 'भाषाओं' यावरही बिंदू. 'भाषाएँ' आणि 'भाषाओं' एकाच परिच्छेदात आले तर चिन्हे वेगवेगळी असणेच बरोबर आहे. ती सारखी करायला जाऊ नये. लहान मुलांच्या वाचनमालेत उच्चार शिकवण्यासाठी कुणी 'मेँ', 'नहीँ' लिहिले असेल तर तेही राहू द्यावे.

व्याकरणाचा बिंदू

काही बिंदू शब्दकोशात सापडत नाहीत, कारण ते वाक्याने ठरतात. स्त्रीलिंगी अनेकवचनाच्या क्रियापदावर बिंदू येतो: लड़कियाँ आईं, चिट्ठियाँ पहुँचीं. सहायक क्रियापद असेल तर बिंदू फक्त शेवटच्या घटकावर: 'लड़कियाँ गई थीं', 'गईं थीं' नाही. 'उन्होंने', 'जिन्होंने' यांतला मधला बिंदू घाईत गळतो. आणि संबोधनात बिंदू नसतो. 'भाइयों ने कहा' यात बिंदू हवा, पण भाषणाची सुरुवात 'भाइयो और बहनो' अशीच. आमंत्रणपत्रिका आणि भाषणांच्या मसुद्यांत ही चूक इतकी रुळली आहे, की बरोबर रूप पाहून ग्राहकच फोन करतो. तेव्हा नियम सांगावा आणि रूप तसेच ठेवावे.

बिंदू नको तिथे पडतो तोही पाहावा. दुनिया, घास, चावल, सोच यांवर काहीही नाही. 'पूछना' म्हणजे विचारणे आणि 'पूँछ' म्हणजे शेपूट. 'सास' आणि 'साँस', 'आधी' आणि 'आँधी', 'गोद' आणि 'गोंद' या जोड्यांत दोन्ही रूपे खरी असल्यामुळे वर्तनीतपासनीस काहीच बोलत नाही. तिथे वाक्य वाचूनच ठरवावे लागते.

ड़ आणि ढ़: हा नुक्ता ऐच्छिक नाही

नुक्त्याबद्दल बोलताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. क़ ख़ ग़ ज़ फ़ हे परक्या ध्वनींसाठी आहेत आणि त्यांच्याबद्दल प्रकाशकागणिक मत बदलते. ड़ आणि ढ़ हे हिंदीचे स्वतःचे ध्वनी आहेत. ज्या दैनिकाने सगळा नुक्ता सोडला, तेही 'लड़का' आणि 'पढ़ना' असेच लिहिते. मराठी कीबोर्डवर बसलेला हात इथे सर्वांत जास्त चुकतो: 'बडा', 'सडक', 'पढना'.

जागा पाहून निर्णय होतो. शब्दाच्या सुरुवातीला ड़, ढ़ कधीच येत नाहीत: ढाई, ढेर, डाक. द्वित्वात आणि जोडाक्षरात येत नाहीत: अड्डा, लड्डू, गड्ढा, षड्यंत्र. अनुस्वारानंतर येत नाहीत: अंडा, डंडा, झंडा. दोन स्वरांच्या मध्ये आणि शब्दाच्या शेवटी देशी व तद्भव शब्दांत ते येतात: घोड़ा, पेड़, चढ़ाई, बूढ़ा. संस्कृत शब्दांतही हिंदी त्यांचाच उच्चार करते, म्हणून पीड़ा, क्रीड़ा, गरुड़, दृढ़, प्रौढ़. मराठीत हेच शब्द साध्या ड, ढ ने लिहितात, म्हणून इथे विशेष सावध राहावे. दोन स्वरांमध्ये ड दिसूनही नुक्ता नको अशी ठिकाणे दोन: इंग्रजी शब्द, म्हणजे रेडियो, सोडा, रोड; आणि उपसर्गानंतर मूळ शब्दाचा पहिला ड, जसे नि + डर = निडर. 'रोड़' ही दुकानांच्या पाट्यांवरून पुस्तकांत शिरलेली चूक आहे.

अरबी-फारसीचा नुक्ता: दोन अक्षरे नियमाने, तीन कोशाने

निदेशालयाचे म्हणणे असे: कलम, किला, दाग यांसारखे शब्द हिंदीत मुरले आहेत, ते नुक्त्याशिवाय लिहावेत, पण मूळ रूप दाखवायचे असेल किंवा अर्थभेद होत असेल तिथे नुक्ता द्यावा. अर्थभेदाच्या जोड्या कोणत्याही शैलीत जपाव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. राज म्हणजे सत्ता, राज़ म्हणजे गुपित. जंग म्हणजे युद्ध, ज़ंग म्हणजे गंज. जमाना म्हणजे गोठवणे किंवा बसवणे, ज़माना म्हणजे काळ. 'जलील' थोर असतो आणि 'ज़लील' अपमानित. एखाद्याच्या नावात हा बिंदू चुकून पडला तर काय होईल ते उघड आहे.

पूर्ण नुक्त्याची शैली असेल तर असे चालावे. अरबी-फारसीत फ आणि ख हे महाप्राण ध्वनी नाहीतच. म्हणून शब्द अरबी-फारसी असल्याची खात्री झाली, की त्यातला प्रत्येक फ हा फ़ आणि प्रत्येक ख हा ख़. सफ़ेद, फ़ौज, लिफ़ाफ़ा, ख़बर, तारीख़, अख़बार. शब्द संस्कृत किंवा देशी असेल तर कधीच नाही: फल, फूल, फिर, सफल, लेख, देखना. 'फ़िर' आणि 'फ़ूल' या चुका नुक्ता माहीत नसणाऱ्याच्या नसतात; तो सगळीकडे शिंपडणाऱ्याच्या असतात. शब्द कोणत्या घरचा हे कळायची एक झटपट खूण आहे: त्यात घ, छ, झ, ठ, थ, ध, भ, ट, ड, ण, ष यांपैकी काही असेल तर तो अरबी-फारसी नाही. जोडशब्द अर्थात वेगळे: डाकख़ाना.

क, ग, ज यांचे तसे नाही. त्या भाषांत नुक्त्याचे आणि बिननुक्त्याचे दोन्ही ध्वनी आहेत: काफ़ आणि क़ाफ़, गाफ़ आणि ग़ैन, जीम आणि ज़ चे ज़े, ज़ाल, ज़्वाद, ज़ोए. इथे नियम चालत नाही, कोश उघडावा लागतो. मुहम्मद मुस्तफ़ा ख़ाँ 'मद्दाह' यांचा उर्दू-हिंदी कोश देवनागरीत नुक्त्यांसह शब्द देतो. जॉन प्लॅट्स यांचा १८८४ चा कोश शब्दाचे मूळही सांगतो.

कोशाकडे धावण्याआधी शब्दाचे नातलग आठवून पाहावेत, कारण अरबी शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात आणि ती व्यंजने कुटुंबात बदलत नाहीत. 'मंज़ूर'चे घर 'नज़र', दोन्हीकडे ज़. 'मजबूर'चे घर 'जब्र', म्हणून ज, 'मज़बूर' चूक. 'मज़बूत'चे घर 'ज़ब्त', म्हणून ज़. 'मौजूद'चे घर 'वुजूद', म्हणून 'मौज़ूद' चूक. 'इजाज़त' आणि 'जायज़' एका घरचे: दोन्हीकडे आधी ज, मग ज़. 'किताब' आणि 'कातिब' यांचा क साधा, 'क़त्ल' आणि 'क़ातिल' यांचा नुक्त्याचा.

इंग्रजी शब्दांना क़, ख़, ग़ कधीच लागत नाही. फ़ नेहमी लागतो: फ़ोन, ऑफ़िस, फ़िल्म. ज़ उच्चार पाहून: साइज़, ज़ोन, पण कॉलेज, पेज, जज.

एक गोष्ट टाळावी ती अर्धवट नुक्ता. 'गज़ल' हे रूप फक्त ज़-फ़ जपणाऱ्या शैलीत बरोबर आहे. पूर्ण शैलीत 'ग़ज़ल', नुक्ताविरहित शैलीत 'गजल'. एका पुस्तकात तिन्ही सापडली तर शैली ठरलेलीच नव्हती असा त्याचा अर्थ.

एक परिच्छेद तपासू

मसुदा असा आला आहे:

'सांस्कृतिक संमेलन में पांच महिलाएं पहुंची। उन्होने गांव की टूटी सडक और फ़ूल बेचने वालों की मज़बूरी की बात की। फिर बेग़म साहिबा ने हाॅल में गजल सुनाई और एक किस्से पर सब हंस पडे।'

आधी सामान्यीकरण केले की 'हाॅल'चा 'हॉल' होतो. मग संशयित जागा यंत्राकडून काढून घ्याव्यात. यंत्राने फक्त दाखवावे, बदलू नये:

```python
shodh = ["\u0902[\u0919\u091E\u0923\u0928\u092E]",
         "[\u0942\u090A\u090F]\u0902",
         "[\u093E\u0906]\u0902",
         "(?<![\u0900-\u097F])[\u0921\u0922]\u093C"]
for p in shodh:
    for m in re.finditer(p, t):
        print(t[max(0, m.start()-12):m.end()+12])
```

पहिली ओळ पंचमाक्षरापूर्वीचा अनुस्वार पकडते, म्हणून 'संमेलन' सापडतो. 'संन्यास'ही सापडेल, पण तो बरोबर आहे, सोडून द्यावा. दुसरी ओळ दीर्घ ऊ आणि सुटा ए यांवरचा अनुस्वार पकडते: 'महिलाएं'. 'हूं', 'यूं' असते तर तेही आले असते. इथे सापडणारे जवळजवळ सगळे चूक असतात, अपवाद 'एंबुलेंस'सारख्या इंग्रजी शब्दांचा. तिसऱ्या ओळीत 'सांस्कृतिक', 'पांच', 'गांव' येतात. पहिला तत्सम, हात लावायचा नाही. पुढचे दोन तद्भव, चंद्रबिंदू. चौथी ओळ सुरुवातीचा नुक्त्याचा ड, ढ शोधते; इथे काही नाही.

उरलेले डोळ्यांनी पाहावे लागते. 'पहुंची' मध्ये दोन चुका आहेत: उकारावर चंद्रबिंदू हवा, आणि कर्ता स्त्रीलिंगी अनेकवचनी असल्यामुळे शेवटी बिंदू हवा, म्हणून 'पहुँचीं'. 'उन्होने'चा बिंदू गळला आहे. 'सडक' आणि 'पडे' यांना नुक्ता हवा. 'फ़ूल' देशी शब्द, नुक्ता काढायचा. 'मज़बूरी' जब्र च्या घरची, नुक्ता काढायचा. 'बेग़म'चा अर्थ 'दुःख नसलेली' असा होतो. इथे बाई आहेत, म्हणून 'बेगम'. 'किस्से' मूळ क़ाफ़ चा, पूर्ण शैलीत 'क़िस्से'. 'गजल'ची 'ग़ज़ल'. 'हंस पडे' म्हणजे इथे हसले, म्हणून 'हँस पड़े'. 'फिर' जसाच्या तसा.

'सांस्कृतिक सम्मेलन में पाँच महिलाएँ पहुँचीं। उन्होंने गाँव की टूटी सड़क और फूल बेचने वालों की मजबूरी की बात की। फिर बेगम साहिबा ने हॉल में ग़ज़ल सुनाई और एक क़िस्से पर सब हँस पड़े।'

व्यक्तींची नावे आणि अवतरणे या सगळ्याच्या बाहेर ठेवावीत. माणूस आपले नाव नुक्त्याशिवाय लिहीत असेल तर तसेच छापावे. जुन्या ग्रंथातला उतारा 'सम्पादक', 'हिन्दी' अशा रूपांत असेल तर त्या रूपांतच राहू द्यावा. अशा जागांची यादी सुरुवातीलाच करून टाइपसेटरला द्यावी, नाहीतर शेवटच्या प्रुफात कुणीतरी त्या 'सुधारून' ठेवतो.